खेळीपूर्वीची झडती

प्रश्न : वजिरावर चाल करूनही माझाच हत्ती फुकट जातो. काय चुकते?
– एक वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव)

उत्तर : आपण कळविलेल्या डावात दोन्ही राजांपुढील प्यादी दोन-दोन घरे सरकल्यावर पांढऱ्याने वजीर एच५ वर आणला, आणि त्याला हुसकावण्याच्या उत्साहात आपण जी७ चे प्यादे एक घर पुढे केले; परंतु ई५ वरील आपले प्यादे बिनजोर आहे, याची तपासणी राहून गेली. वजिराने ते मारून शह दिला, आणि मोकळ्या झालेल्या कर्णावरून त्याचा मारा एच८ च्या हत्तीवरही पडल्यामुळे, शह निवारण्यात आपली खेळी खर्ची पडताच हत्ती गेला.

प्रतिपक्षाची खेळी कशावर रोखली आहे हे प्रथम पाहावे. मग मनातील खेळी पटावर झालीच असे कल्पून त्याचा प्रत्येक शह व प्रत्येक मार तपासावा, आणि त्यानंतरच मोहऱ्याला हात लावावा. येथे घोडा सी६ वर आणला असता तर प्याद्याला जोर मिळाला असता. पुढे पांढऱ्याने उंट सी४ वर आणून एफ७ वर मात करण्याचा धाक घातला, तर तेच जी७ चे प्यादे आता निर्धास्तपणे सरकविता येते.