जिम बंद करण्याआधी त्याचं ताट बघा

महाडला मी जिममध्ये ट्रेनर आहे. सकाळची बॅच साडेसहाला सुरू होते आणि तिच्यात अकरावी-बारावीची पोरं बरीच असतात. पोलादपूरकडून पहिली एसटी पकडून येणारी, व्यायाम उरकून इथूनच कॉलेजला जाणारी. तुम्हा आईवडिलांशी बोलायचंय ते यातल्या एका सतरा वर्षांच्या पोराबद्दल. त्याला आणि त्याच्या घरच्यांना विचारून, नावगाव वगळून लिहितोय.

स्क्वॅटच्या दिवशी हा पोरगा दोनदा काहीतरी कारण काढून सटकला. तिसऱ्यांदा मी विचारलं, गुडघा दुखतोय का? नाही म्हणाला. मग इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "सर, जास्त वजन उचललं की रक्त येतं का?"

"कुठून?"

तो गप्प. त्याला बाहेर कट्ट्यावर नेलं. तिथे दोन-तीन मिनिटांनी म्हणाला, "संडासच्या जागेतून. पेपरवर दिसलं."

आपल्याकडे घरोघरी पाणीच वापरतात. त्याच्या घरी भारतीय पद्धतीचं भांडं, वर बादलीभर पाणी ओतलं की सगळं वाहून जातं. एका लग्नाला हायवेवरच्या हॉटेलात उतरले, तिथे जेट बंद होता म्हणून कागद घेतला आणि त्यावर लाल रेघ दिसली. दुखत मात्र तीन आठवड्यांपासून होतं. म्हणजे रक्त आधीही येत असणार, कळलं नाही इतकंच. तुमच्या पोराने "खाली दुखतंय" म्हटलं आणि "रक्त नाही ना?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर दिलं, तर एकदा पांढऱ्या कागदाने टिपून बघायला सांगा.

मी डॉक्टर नाही, हे त्याला आधीच सांगितलं. पण डॉक्टर जे विचारतील तेच विचारून घेतलं. रंग कसा? लालभडक. संडासात मिसळलेलं, काळपट, डांबरासारखं? नाही, वरून लागलेलं. भांड्यात थेंब थेंब पडतं की नुसतं कागदावर? कागदावर, एक रेघ. दुखतं? "सर, काच कापावी तसं. आणि नंतर तासभर ठणकतं, बेंचवर बसवत नाही." वजन आपोआप उतरलंय का, ताप, चक्कर, पोटात मुरडा, घरात कुणाला आतड्याचा आजार? सगळ्याला नाही. बीटाची पावडर घेतोस का, हेही विचारलं, कारण व्यायामाआधी बीट पिणाऱ्या पोरांना दुसऱ्या दिवशी लाल संडास होतो आणि ती घाबरतात. तो बीट घेत नव्हता.

साधारण फरक असा की गुदद्वाराच्या तोंडाशी चीर पडली, ज्याला फिशर म्हणतात, तर रक्त थोडं आणि दुखणं फार. आतला मूळव्याध असेल तर बहुतेक वेळा दुखत नाही, पण थेंब पडतात किंवा पिचकारी उडते. या पोराचं वर्णन पहिल्यात बसत होतं. तरी "बसतंय" आणि "आहे" यात अंतर असतं आणि ते तपासल्याशिवाय भरत नाही.

मग त्याचा मूळ प्रश्न. वजनामुळे झालं का? श्वास रोखून जड वजन उचललं की पोटातला दाब वाढतो. मूळव्याध असेल तर त्यामुळे तो फुगू शकतो, बाहेर येऊ शकतो. पण ही चीर बहुधा कडक खड्यामुळे आणि तो बाहेर काढायला लावलेल्या जोरामुळे पडते. एकदा पडली की आतला स्नायू दुखण्याने आवळला जातो. आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. दुखेल या धास्तीने पोर संडास रोखतं, रोखलेला संडास आणखी वाळतो आणि पुढच्या खेपेला तीच चीर पुन्हा उघडते. त्याला म्हटलं, "तुझा जोर रॅकखाली नाही, संडासात चुकतोय. किती वेळ बसतोस?"

"वीस मिनिटं. मोबाईल असतो."

आता हा खडा आला कुठून? त्याचा दिवस ऐका. पहाटे सव्वापाचला उठायचं, चहा प्यायचा, एसटी. घरी संडासला वेळ नाही. व्यायाम झाल्यावर कळ येते, पण कॉलेजच्या संडासात जायला तो तयार नाही, कारण कडी नाही आणि पाणीही नाही. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत कळ मेलेली असते. मधल्या वेळात मोठं आतडं पाणी शोषत राहतं. पाणी प्यायलं तर बसमध्ये लघवीला होईल म्हणून तेही कमी.

आणि त्याचं ताट. मोबाईलवर बघून त्याने स्वतःच तक्ता केला होता: आठ अंड्यांचं पांढरं, पाव किलो चिकन, व्हे प्रोटीनचे दोन स्कूप. पोट दिसायला हवं म्हणून भात बंद, भाजी नावाला, तांदळाची एकच भाकरी. वजन ५८ किलो. एवढ्या पोराला व्यायामासाठी दिवसाला नव्वदेक ग्रॅम प्रथिनं पुरे होतात, हा सव्वाशेच्या वर घेत होता. पण प्रथिनं जास्त झाली ही खरी अडचण नव्हती. अंडी, चिकन, व्हे या तिन्हीत चोथा शून्य. दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा, त्याचा हिशेब केला तर केळं आणि काकडी धरून सहा-सात ग्रॅमच्या पुढे जाईना. खर्च बापाचा, महिन्याला डबाभर पावडर, आणि आई बिचारी खुश की पोरगं चांगलं खातंय.

आपण रायगडवाले भाताचे. तांदळाच्या शंभर ग्रॅम पिठात चोथा तीनेक ग्रॅम, नाचणीच्या तेवढ्याच पिठात अकराच्या आसपास. पोलादपूरच्या डोंगरातल्या आज्या नाचणी खाऊन जगल्या आणि आता पोरं ती गरिबाची म्हणून टाळतात, याचा मला राग येतो. त्याच्या आईने पुढे बदल केला तो एवढाच: नाचणीच्या दोन भाकऱ्या, वाटीभर वालाची किंवा कुळथाची उसळ, एक पालेभाजी, दुपारी पेरू. पंचविसाच्या आसपास पोचलं. अंडी-चिकन राहिलं, पावडर एका स्कूपवर आली. हे सगळं दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवलं, कारण एकदम चोथा वाढवला की पोट फुगतं आणि पोरं दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. दिवसाचं पाणी अडीच-तीन लिटर. पाण्याशिवाय चोथा उलटा बसतो.

पण हे नंतरचं. त्या दिवशी कट्ट्यावर मी विचारलं, घरी सांगितलंस का? तर म्हणाला, "पप्पा जिम बंद करतील. आणि काका सगळ्यांसमोर हसतील." शिवाय रात्री मोबाईलवर शोधून कॅन्सरपर्यंत पोचला होता. तीन आठवडे पोरगं ही भीती एकटं घेऊन झोपत होतं आणि शेजारच्या खोलीत आईवडील होते. त्याने मला सांगितलं ते मी फार जवळचा म्हणून नाही. माझ्याकडे हसणारा काका नव्हता, एवढंच.

त्याला म्हटलं, मी तुझ्या पप्पांना फोन करतो, तू समोर बस. वडिलांचं पहिलं वाक्य अपेक्षित होतं तेच: "म्हणूनच म्हणत होतो, ही वजनं नकोत." मी म्हटलं, दादा, वजनं मीच थांबवतोय, डॉक्टर हो म्हणेपर्यंत. स्क्वॅट, डेडलिफ्ट नाही, चालायचं, बसून हातांचे हलके व्यायाम, आणि प्रत्येक वेळी जोर लावताना श्वास सोडायचा. पण जिममधून काढू नका. काढलंत तर पुढचं दुखणं तो मलाही सांगणार नाही.

आईने त्याच रात्री एरंडेल काढलं होतं. ते थांबवायला लावलं. जुलाब होऊन चिरेची आग वाढते आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच खडा. दुसरा धोका भिंतींवर चिकटलेला असतो, मूळव्याध-भगंदर खात्रीने बरा, ऑपरेशनशिवाय. पोरं लाजेपायी गुपचूप अशा ठिकाणी जातात, न तपासता इंजेक्शन किंवा जळजळीत औषध लावून घेतात आणि साध्या चिरेचं गळू होतं. याच महाडात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर काम केलं, मांत्रिकाकडे जाणारी माणसं दवाखान्यात यायला लागली. विंचवाला लाज नव्हती, हे दुखणं लाजेचं आहे, म्हणून इथे अजून मांत्रिक टिकून आहेत.

तपासणीची भीती त्याला सगळ्यात जास्त होती. प्रत्यक्षात डॉक्टरांनी कुशीवर झोपवून, उजेडात, हाताने जागा उघडून बघितलं. चीर दिसली. इतकी दुखत असताना डॉक्टर बोट आत घालत नाहीत. पाच मिनिटांत संपलं. वडील पडद्याबाहेर थांबले, पोराला विचारून. रक्तातलं हिमोग्लोबिन बघितलं, ते ठीक होतं. लावायला मलम, संडास मऊ करायचं औषध, रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून, आणि संडासनंतर टबात कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसणं. त्याने तो आवळलेला स्नायू सैल होतो. ताजी चीर अशा उपायांनी बहुतेक वेळा चार ते सहा आठवड्यांत भरते. नाही भरली, किंवा रक्त वाढलं, काळं झालं, ताप आला, तर पुढची तपासणी, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं.

घराने एक गोष्ट केली ती औषधाइतकीच कामाची ठरली. तो आता पंधरा मिनिटं आधी उठतो, कोमट पाणी पितो आणि मोबाईल बाहेर ठेवून जातो. पाच मिनिटांत नाही झालं तर उठायचं, जोर लावायचा नाही. पहिला आठवडा काहीच होईना, मग शरीराला वेळ कळली. पाचव्या आठवड्यात डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा रिकाम्या बारपासून स्क्वॅट पुन्हा सुरू केला.

यात एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. पोराची तपासणी झाल्यावर वडील मला हसत म्हणाले, "एवढ्याला काय घाबरायचं? मला तर पाच-सहा वर्षं अधूनमधून जातं. मूळव्याध आहे." कोणी सांगितलं? "मीच." वय ४८. सतरा वर्षांच्या पोराची रेघ आणि अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचं वर्षानुवर्षांचं रक्त यांना एकच नाव देता येत नाही. त्या वयात आतड्यात गाठ नाही ना, हे आधी बघावं लागतं. डॉक्टरांनी त्यांना दुर्बिणीची तपासणी सांगितली आहे, त्यासाठी मुंबई-पुण्याला जावं लागेल. ते म्हणतात, भातलावणी होऊ दे, मग गणपती होऊ दे. वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर तारीख तुम्हीच ठरवा, आणि सोबत पोराला पाठवा. काय काय विचारायचं ते त्याला आता माहीत आहे.