चाळणीवर काय उरलं ते लिहा

‘सर्वोत्तम पाच मिक्सर’ अशी एक यादी वाचून मी मिक्सर घेतला होता. यादीत त्याच्या नावापुढे ‘दमदार मोटर, बारीक वाटण’ एवढंच होतं. उडीद डाळ वाटायला घेतली की पीठ हाताला गरम लागायचं आणि मोटर मध्येच बंद पडायची. मग तळाचं लाल बटण दाबून पुन्हा सुरुवात. ती यादी परत काढून पाहिली, तेव्हा पाचही मिक्सरांची स्तुती खोक्यावरच्या मजकुरातूनच उचललेली दिसली. काय वाटलं, किती वाटलं, याचा कुठे पत्ताच नव्हता.

पुढे अशा याद्या लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा कसोटी आधी ठरवायची आणि ती वाचकाला सांगायची, हे मी पक्कं केलं. ७५० वॅट हा आकडा मोटर वीज किती खेचते ते सांगतो. वाटण कसं होईल हे पात्यांवर आणि भांड्याच्या आकारावरही अवलंबून असतं, म्हणून ते करूनच पाहावं लागतं.

कोरड्या दळणासाठी धणे घ्या. प्रत्येक मिक्सरमध्ये एकाच पिशवीतले १०० ग्रॅम, घड्याळ लावून एक मिनिट. मग सगळ्यांची पूड एकाच चाळणीने चाळा आणि वर उरलेला भरडा वजन करून लिहा. ‘बारीक दळतो’ यावर विश्वास ठेवायला वाचकाकडे काही कारण नसतं. ‘याचा चाळणीवर ९ ग्रॅम भरडा उरला, त्याचा २२’ असं लिहिलं, तर तो घरी चाळणी घेऊन तुम्हाला तपासू शकतो. ओल्या वाटणासाठी २०० ग्रॅम उडीद डाळ चार तास भिजवून, पाणी मोजून घाला. वाटण्याआधी आणि नंतर पिठात थर्मामीटर बुडवा. मिक्सर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पुढची चाचणी घेऊ नका, नाहीतर आधीच्या चाचणीची उष्णता पुढच्या आकड्यात मिसळते. डाळीचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा निघतो, म्हणून एकाच आकड्यावर निकाल देऊ नये.

सगळ्यात बोलकी चाचणी मात्र चटणीच्या भांड्याची. मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या घातल्या की पातं वरच्यावर फिरतं आणि ऐवज कडेला चिकटून बसतो. झाकण किती वेळा उघडून चमच्याने खाली ढकलावं लागलं, ते मोजून लिहा. हा तपशील कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

मिक्सर विकत घेतला की कंपनीने वापरायला दिला, तेही लिहा. नापास झालेल्यांना कारणासकट जागा द्या. आणि पंधरा दिवस वापरून मोटर पाच वर्षं टिकेल असं कधीच लिहू नका, ‘टिकाऊपणा तपासलेला नाही’ असं स्पष्ट छापा. आमच्या संपादकांना ते वाक्य खटकलं होतं, पण मी ते काढू दिलं नाही. तुम्हीही काढू देऊ नका.