वाळूतली पावलं आणि निवेदनाचा आवाज

प्रश्न : तलकाडच्या वाळूत गाडल्या गेलेल्या मंदिरांवर मी माहितीपट केला आहे. निवेदन वारा आणि संगीताखाली दबतं, शिवाय यूट्यूबवर सगळंच बारीक वाटतं. काय करू?
– एक वाचक, म्हैसूर

उत्तर : आधी निवेदन एकटंच ऐका आणि त्याची पातळी कायम करा, बाकीचे थर त्याच्याभोवती बसवायचे. माइकवर आदळलेल्या वाऱ्याची घरघर बरीचशी खालच्या पट्टीत असते. निवेदनातली ती 80 हर्ट्‌झच्या आसपास हाय-पास फिल्टर लावून कापा. कावेरीकाठचं वातावरण वेगळ्या ट्रॅकवर सलग अंथरा. कटागणिक ते तुटलं, तर कानाला लगेच खटकतं. संगीताची 2 ते 4 किलोहर्ट्‌झची पट्टी थोडी उतरवा, कारण व्यंजनं तिथेच स्पष्ट होतात.

पावलांचा फोली मात्र खोलीत करा. पसरट घमेल्यात कोरडी वाळू घ्या, माइक जवळ ठेवा आणि पडद्यावरच्या पावलांकडे बघत अनवाणी चाला. ओली वाळू चिखलासारखी वाजते.

आता लाउडनेस. समजा, मिक्स उणे 19 एलयूएफएस आहे आणि ट्रू पीक उणे 3. यूट्यूब उणे 14 पेक्षा मोठा आवाज खाली आणतं, पण बारीक आवाज वाढवत नाही. 5 डेसिबल वाढवले की पीक अधिक 2 वर जाऊन आवाज फाटेल, म्हणून लिमिटर उणे 1 वर लावा. पावलं चिरडल्यासारखी वाटली, तर उणे 16 वरच थांबा.