वेटेजची बेरीज आधी, सरासरी नंतर

निकाल लागायच्या आधीच घराघरांत निकाल लागलेला असतो. पूर्णेतून नांदेडला किंवा परभणीला क्लासला जाणारी मुलं रेल्वेच्या डब्यातच वहीच्या मागच्या पानावर आकडेमोड करतात, घरी आल्यावर वडील तीच बेरीज पुन्हा तपासतात, आणि त्या आकड्यावरून कोणत्या कॉलेजचं नाव यादीत वर टाकायचं ते ठरतं. तो आकडा बहुतेक वेळा साधी सरासरी नसतो. वेगवेगळ्या परीक्षांना वेगवेगळं वेटेज असतं, आणि चूक नेमकी तिथे होते.

सोयाबीन विकणाऱ्या पालकांना हे गणित नव्याने शिकवायची गरज नाही. १० क्विंटल ४,२०० रुपयांनी गेलं आणि ३० क्विंटल ४,५०० नी, तर सरासरी भाव ४,३५० नाही. एकूण पट्टी १,७७,००० रुपयांची, क्विंटल ४०, म्हणून भाव ४,४२५. कोणी चुकून ५० ने भागलं तर ३,५४० येईल, आणि शेतकरी लगेच म्हणेल, ‘अहो, इतक्या कमी भावाने तर मी एक दाणाही दिला नाही!’ पहिली तपासणी हीच आहे: सरासरी ही सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांच्या मधेच पडायला हवी. बाहेर गेली तर गणित चुकलं. मात्र मधे पडली म्हणून बरोबरच आहे, असं समजू नका.

याचं चांगलं उदाहरण २०२१ चं आहे. कोरोनामुळे त्या वर्षी राज्य मंडळाची दहावी-बारावीची लेखी परीक्षा झालीच नाही. बारावीच्या लेखी भागाचे गुण तीन ठिकाणांहून घ्यायचे ठरले: दहावीच्या सर्वाधिक गुणांच्या तीन विषयांची सरासरी ३० टक्के, अकरावी ३० टक्के आणि बारावीच्या वर्षातल्या चाचण्या-परीक्षा ४० टक्के. प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत गुण वेगळे, जसेच्या तसे. दहावीसाठी सूत्र निराळं होतं: नववीला ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाला ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. एका घरात दोन भावंडं असतील तर दोन सूत्रांची सरमिसळ व्हायला वेळ लागत नव्हता.

समजा एका मुलीला दहावीच्या त्या तीन विषयांत ९० टक्के, अकरावीला भौतिकशास्त्रात ६२ आणि बारावीच्या चाचण्यांत ७० आहेत. ९० चे ३० टक्के म्हणजे २७, ६२ चे १८.६, ७० चे ४० टक्के म्हणजे २८. बेरीज ७३.६ टक्के. आता कोणी तिन्हींना ३०-३०-३० धरलं, तर वेटेज भरलं ९० आणि उत्तर आलं ६६.६. दुसऱ्याने दहावीलाही ४० दिलं, वेटेज झालं ११०, उत्तर ८२.६. दोन्ही उत्तरं ६२ आणि ९० च्या मधेच आहेत, म्हणून सोयाबीनवाली तपासणी इथे गप्प बसते. एका घरात उगीच रडारड, दुसऱ्या घरात उगीच पेढे.

याच विषयात आणखी एक खड्डा होता. भौतिकशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची, प्रात्यक्षिक ३० चं. म्हणजे ३०-३०-४० हे वेटेज त्या ७० गुणांवर लावायचं: २१, २१ आणि २८. आपल्या मुलीचे लेखीचे गुण ७० पैकी ५१.५ च्या आसपास होतात, आणि प्रात्यक्षिकात २८ असतील तर एकूण सुमारे ७९.५. पण सूत्र शंभरावर लावून वरून प्रात्यक्षिक मिळवलं, तर ७३.६ अधिक २८, म्हणजे १०१.६. वेटेजची बेरीज इथे नकळत १३० झाली. शंभराच्या वर गेलं म्हणून ही चूक पकडता तरी येते. ६० टक्केवाल्या मुलाच्या बाबतीत तीच चूक ८८ दाखवते आणि कोणाला शंकाही येत नाही.

म्हणून एक खोटा विद्यार्थी तयार करा. त्याला सगळीकडे पैकीच्या पैकी गुण द्या. त्याचा निकाल बरोबर १०० यायला हवा. ११० आला, ९० आला किंवा १३० आला, तर आपल्या मुलाचे गुण टाकण्याआधी वेटेज दुरुस्त करा.

संगणकावर हिशेब करणारे हुशार विद्यार्थी यावर एक उपाय करतात. गुण B रकान्यात, वेटेज C रकान्यात, आणि सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)/SUM(C2:C4)
```

वेटेजची बेरीज कितीही असो, तिनेच भागल्यामुळे उत्तर नेहमी मर्यादेत राहतं. सूत्र चांगलंच आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबू नका. वरच्या मुलीला दहावीचं वेटेज ४० दिलं तर हे सूत्र ८२.६ ला १.१ ने भागून ७५.१ दाखवेल. दिसायला अगदी खरं, आणि ७५ टक्क्यांची अट असेल तिथे आनंदाचं. खरं उत्तर ७३.६ आहे. भागाकाराने प्रमाण सरळ केलं, चुकीचं वेटेज नाही. शिवाय आपला पैकीच्या पैकी गुणांचा विद्यार्थी या सूत्रात कायम १०० च दाखवतो, म्हणजे चूक लपते. म्हणून SUM(C2:C4) शेजारच्या चौकटीत उघडं दिसू द्या, आणि प्रत्येक वेटेज माहितीपुस्तिकेशी ताडून बघा.

रिकाम्या चौकटीचंही भान ठेवा. अकरावीचे गुण भरायचे राहिले तर संगणक तिथे शून्य धरतो आणि वेटेज मात्र पूर्ण १०० मोजतो: २७ अधिक २८, म्हणजे ५५. ती चौकट वगळून ७० ने भागलं तर ७८.६. गैरहजर म्हणून शून्य धरायचं की ‘लागू नाही’ म्हणून वगळायचं, हे गणित सांगत नाही. ते मंडळ किंवा विद्यापीठ ठरवतं, आपण परस्पर ठरवायचं नाही.

पदवीला गेल्यावर हाच प्रश्न क्रेडिटच्या रूपात येतो. नव्या शैक्षणिक धोरणात एका सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात. चार पेपर चार-चार क्रेडिटचे, ग्रेड पॉइंट ८, ९, ८, ७. तीन पेपर दोन-दोन क्रेडिटचे, पॉइंट ९, १०, ९. गुणाकारांची बेरीज १८४. २२ ने भागून एसजीपीए ८.३६. सातही पेपर सारखे धरले तर ८.५७ येतो, आणि सत्र २० क्रेडिटचं समजून भागलं तर ९.२. कौशल्य किंवा मूल्यशिक्षणाचा दोन क्रेडिटचा पेपर गुणांत धरायचा आणि भाजकात विसरायचा, असं झालं की नेमका हाच ९.२ निघतो. क्रेडिटची बेरीज शंभर होत नाही, होण्याची गरजही नाही. वर जितके क्रेडिट वापरले तितकेच खाली हवेत, एवढंच.

नोकरीच्या किंवा एमएस्सीच्या फॉर्मवर हा ९.२ टाइप झाला तर कागदपत्र पडताळणीत गुणपत्रिकेवरचा ८.३६ समोर येतो, आणि मुलाने मुद्दाम फुगवलं की चुकून, हे तिथे कोणी विचारत बसत नाही. फॉर्ममध्ये छापील आकडाच भरा. टक्केवारीचा रकाना असेल आणि हातात फक्त सीजीपीए असेल, तर आपल्या विद्यापीठाचा रूपांतराचा नियम वापरा; तो बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेला असतो. नसेल तर कॉलेजच्या ऑफिसातून तसं पत्र घ्या, आणि ते फॉर्मची शेवटची तारीख जवळ यायच्या आधी घ्या.