घटक ९ : प्रक्षेपणाच्या फाइलमधील कॅप्शन वेगळ्या करणे

९.१ प्रास्ताविक

बोलीभाषेच्या अभ्यासासाठी सामग्री कशी गोळा करावी याचा विचार आपण मागील घटकात केला. तासभराचे बोलणे ऐकून हाताने उतरवून घ्यायला पाच-सहा तास सहज लागतात, हे ज्यांनी तो सराव केला असेल त्यांना सांगायला नको. प्रस्तुत घटकात आपण एका तयार लिखित सामग्रीकडे वळणार आहोत. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात बोललेला मजकूर क्लोज्ड कॅप्शनच्या रूपाने चित्रासोबतच पाठवला जातो. ती फाइल आपल्या हाती असेल, तर तो मजकूर काही मिनिटांत साध्या सबटायटल फाइलमध्ये उतरवता येतो. मात्र उतरलेला मजकूर आहे तसा मोजायला घेतला, तर निष्कर्ष पार चुकू शकतो. हे कसे घडते, याचे एक उदाहरण आपण पुढे तपशिलाने पाहू.

९.२ कॅप्शन असतात कुठे?

‘क्लोज्ड’ म्हणजे बंद. प्रेक्षकाने मागितल्याखेरीज हा मजकूर पडद्यावर येत नाही. अमेरिकेत १९८० साली ही सेवा सुरू झाली, तेव्हा चित्रसंकेतातील एकविसावी रेषा या मजकुरासाठी राखून ठेवली होती. ही रेषा दृश्य चित्राच्या वर, प्रेक्षकाला न दिसणाऱ्या भागात असते. १९९३ च्या जुलैपासून तेरा इंच व त्याहून मोठ्या पडद्याच्या नव्या संचांत हा मजकूर उलगडण्याची सोय कायद्याने सक्तीची झाली. पुढे प्रक्षेपण डिजिटल झाले आणि ती रेषा उरली नाही. परंतु तिच्यातून जाणारी अक्षरे उरली. आता ती चित्राच्या संकेतावलीतच, प्रत्येक चित्रचौकटीला जोडलेल्या एका छोट्या कप्प्यात प्रवास करतात.

या मांडणीचा एक परिणाम नीट समजून घ्यावा. फाइलमध्ये चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा दुसरा असतो. मग सबटायटलचा तिसरा असेल, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. तो तिसरा प्रवाह येथे नसतो. मजकूर चित्राच्या पोटात असतो. म्हणून ‘फाइलमध्ये सबटायटल नाहीत’ असे एखाद्या प्रणालीने सांगितले, तरी त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

याच कारणाने, मुद्रण कसे केले यावर सारे अवलंबून असते. अँटेनाला जोडलेल्या ट्यूनरने प्रक्षेपण जसेच्या तसे साठवले असेल, तर कॅप्शन शाबूत असतात. अशा फाइलच्या नावाअखेर सहसा .ts असते. पडद्याचे मोबाइलने केलेले चित्रीकरण किंवा एचडीएमआय केबलमधून घेतलेले मुद्रण मात्र या कामी निरुपयोगी आहे, कारण त्या वाटेने चित्र येते, कप्प्यातील अक्षरे येत नाहीत. फाइल लहान करण्यासाठी चित्राची पुन्हा संकेतबद्धता केली असेल, तर त्या प्रक्रियेतही कॅप्शन अनेकदा गळून पडतात. म्हणून मूळ फाइलच मागावी.

९.३ प्रत्यक्ष कृती

प्रथम फाइलमध्ये कॅप्शन आहेत का ते पाहावे. ffprobe ही मोफत मिळणारी प्रणाली असून तिला फक्त फाइलचे नाव द्यायचे असते.

```
ffprobe news.ts
```

उत्तरादाखल येणाऱ्या ओळींपैकी `Video:` ने सुरू होणाऱ्या वर्णनात `Closed Captions` हे शब्द दिसले, तर मजकूर आहे असे समजावे. दुसरा उपाय म्हणजे VLC मध्ये ती फाइल चालवून सबटायटलच्या यादीतून `Closed captions 1` निवडणे. हा उपाय मला अधिक पसंत आहे. मजकूर आहे एवढेच त्यातून कळत नाही, तर तो कसा सरकतो हेही दिसते, आणि पुढे त्याचीच गरज पडणार आहे.

मजकूर काढण्यासाठी CCExtractor नावाची मुक्त प्रणाली वापरावी.

```
ccextractor news.ts -o news.srt
```

तयार होणारी .srt फाइल कोणत्याही साध्या मजकूर-संपादकात उघडते. तिची रचना सोपी असते. आधी अनुक्रमांक, मग मजकूर पडद्यावर आल्याची व गेल्याची वेळ, त्याखाली मजकूर आणि शेवटी एक रिकामी ओळ. अशा प्रत्येक गटाला आपण ‘नोंद’ म्हणू.

येथे एक बारकावा सांगतो. प्रत्येक चौकटीबरोबर मुख्य कॅप्शनचे दोनच बाइट जातात, म्हणजे फार तर दोन अक्षरे. सेकंदाला सुमारे तीस चौकटी धरल्या, तर ही साठ बाइटांची चिंचोळी वाट आहे. शिवाय डिजिटल फाइलमध्ये चौकटी दिसण्याच्या क्रमाने साठवलेल्या नसतात. चित्र उलगडण्यास सोयीचा असा त्यांचा वेगळाच क्रम असतो. मजकूर काढणाऱ्या प्रणालीने तो क्रम नीट लावला नाही, तर अक्षरांच्या जोड्या इकडच्या तिकडे होतात. शब्द ओळखीचे वाटतात, पण दोन-दोन अक्षरे पुढेमागे झालेली असतात. असे दिसले तर दोष क्रमाचा आहे. याउलट, काही सेकंदांपुरतीच अक्षरे गायब असतील आणि त्याच क्षणी चित्रही फुटत असेल, तर दोष अँटेनाला मिळालेल्या दुबळ्या संकेताचा आहे. त्यावर प्रणालीकडे उपाय नाही.

९.४ एक उदाहरण : तीनदा बोललेली नदी

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका विद्यार्थिनीचा लघुप्रबंध तपासायला आला होता. अमेरिकेतील स्थानिक बातमीपत्रांच्या भाषेचा तिने अभ्यास केला होता आणि बारा बातमीपत्रांचे कॅप्शन वर सांगितलेल्या रीतीने काढले होते. तिचा मुख्य निष्कर्ष असा होता, की थेट प्रक्षेपणात निवेदक वाक्यखंडांची पुनरुक्ती फार करतात आणि ती ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी असते. कोष्टके व्यवस्थित होती, मांडणीही पटण्याजोगी होती. मला खटकली ती एकच गोष्ट : जवळपास प्रत्येक शब्दाची संख्या तीनच्या पटीत किंवा तिच्या अगदी जवळ होती. माणसे असे बोलत नाहीत. मी तिच्याकडून मूळ .srt फाइल मागवली. तिच्यातील नोंदींचा नमुना समजावा म्हणून मी रचलेले उदाहरण पाहा.

```
41
00:03:10,256 --> 00:03:12,057
>> THE RIVER IS STILL RISING

42
00:03:12,058 --> 00:03:13,993
>> THE RIVER IS STILL RISING
TONIGHT, AND THE BRIDGE AT THE

43
00:03:13,994 --> 00:03:16,128
>> THE RIVER IS STILL RISING
TONIGHT, AND THE BRIDGE AT THE
EDGE OF TOWN HAS BEEN CLOSED
```

निवेदकाने नदी एकदाच उच्चारली, फाइलमध्ये ती तीनदा आली. याचे कारण कॅप्शनच्या प्रकारात आहे. थेट कार्यक्रमात लेखनिक बोलणे ऐकता ऐकता टंकलिखित करतो आणि मजकूर खालून वर सरकत जातो. खाली नवी ओळ आली की आधीच्या ओळी एकेक पायरी वर चढतात. याला रोल-अप म्हणतात. पडद्यावर एका वेळी बहुधा दोन किंवा तीन ओळी असतात. प्रेक्षकाच्या दृष्टीने ती एकच ओळ वर सरकलेली असते. सबटायटल फाइलला मात्र ‘सरकणे’ ठाऊक नाही. ती दर वेळी संपूर्ण पडद्याचे नवे छायाचित्र घेते. वरील तीन ओळींत प्रत्यक्षात सतरा शब्द आहेत, तर तीन नोंदींत मिळून तेहतीस. आणि पुढच्या दोन नोंदींत खालच्या ओळी वर सरकून गेल्या की हाच आकडा एक्कावन्न होतो, बरोबर तिप्पट.

उपाय दोन आहेत. CCExtractor ला पुनरावृत्त ओळी न लिहिता एका वेळी एकच ओळ लिहिण्यास सांगता येते. या पर्यायाचे नाव आवृत्तीनुसार बदलते, म्हणून `ccextractor --help` ही आज्ञा देऊन यादीत rollup हा शब्द शोधावा. दुसरा उपाय हाताने करायचा : जी ओळ लगेच आधीच्या नोंदीत जशीच्या तशी आहे, ती वगळायची.

त्या विद्यार्थिनीने प्रथम तिसराच, सोपा मार्ग धरला. प्रत्येक नोंदीतील फक्त शेवटची ओळ तिने ठेवली. वरील उदाहरणावर तो मार्ग अचूक चालतो, करून पाहा. परंतु त्याच फाइलमध्ये जाहिराती होत्या, आधी तयार केलेली वृत्तांकने होती. अशा मजकुराच्या कॅप्शन बहुधा पॉप-ऑन प्रकारच्या असतात, म्हणजे दोन-तीन ओळींचा तयार गट एकदम उमटतो आणि एकदम नाहीसा होतो. तेथे प्रत्येक ओळ नवीनच असते. शेवटची तेवढी ठेवली, तर निम्मा मजकूर हातचा जातो. म्हणून आधीच्या नोंदीशी ताडून पाहण्याचा नियमच सुरक्षित. त्यातही एक उणीव राहते. कोणी खरोखरच ‘नाही, नाही’ असे दोन ओळींत म्हटले, तर त्यातली एक ओळ नियमाच्या कात्रीत सापडते. पुनरुक्ती हाच अभ्यासविषय असेल, तर अशा जागा VLC मध्ये ऐकूनच ठरवाव्यात.

शुद्ध केलेल्या सामग्रीवर तिने पुन्हा मोजणी केली. पुनरुक्तीचा निष्कर्ष टिकला नाही. प्रबंध एक सत्र लांबला. तिने विषय बदलून, ध्वनिमुद्रण आणि कॅप्शन यांत नेमके काय गळते याचा शोध घेतला, आणि मला तो पहिल्यापेक्षा सरस वाटला.

९.५ या सामग्रीच्या मर्यादा

कॅप्शन हे बोलण्याचे शब्दशः लिप्यंतर नव्हे. थेट कार्यक्रमात लेखनिक अडखळणे, ‘अं’, अर्धवट सोडलेले शब्द सहसा गाळतो. घाईच्या वेळी वाक्य आखूडही करतो. मजकूर बोलण्याच्या काही सेकंद मागे असतो, त्यामुळे .srt मधील वेळांवरून बोलण्याची गती किंवा विराम मोजू नयेत. वरील नमुन्यातील `>>` ही खूण बोलणारी व्यक्ती बदलल्याचे दाखवते, ती कोण हे सांगत नाही. बरेचदा सारा मजकूर मोठ्या लिपीत असल्याने विशेषनामे ओळखण्याचा सोपा मार्गही बंद होतो.

मराठी वाहिन्यांवर हीच कृती करता येईल का, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. एकविसाव्या रेषेच्या त्या जुन्या व्यवस्थेतील अक्षरसंच रोमन लिपीतील भाषांसाठी रचलेला आहे. देवनागरीला त्यात जागा नाही. मराठी कार्यक्रमाखाली दिसणारा मजकूर चित्रातच छापलेला असेल, तर तो काढण्यासाठी चित्रातील अक्षरे ओळखणारी वेगळी प्रणाली लागते आणि तिच्या चुका निराळ्या असतात. जोडाक्षरांपाशी त्या सर्वाधिक आढळतात. त्यांचा विचार पुढील घटकात करू.

९.६ सराव

१. वरील उदाहरणानंतर ‘SINCE NOON.’ ही चौथी ओळ आली, तर चव्वेचाळिसाव्या नोंदीत कोणत्या तीन ओळी असतील ते लिहा.

२. तीन ओळींच्या रोल-अपमधून काढलेल्या एका फाइलमध्ये ९,००० शब्द भरले. तिच्यात पॉप-ऑन मजकूर मुळीच नाही. प्रत्यक्षातील शब्दसंख्या अंदाजे किती असेल? फाइलच्या आरंभी, शेवटी आणि पडदा मध्येच पुसला गेला तेथे हा अंदाज नेमका का चुकतो, ते चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.