झोताने घडविलेले स्तंभ

मुंबईच्या खाडीकाठच्या मऊ चिखलात खोल खोदाई करावयाची असता, भोवतालची माती आत सरकू नये म्हणून जमिनीतच सिमेंटमिश्रित मातीचे स्तंभ लगोलग घडवून त्यांची भिंत करता येते. याच्या दोन रीती आहेत. पहिलीत फिरत्या पात्यांनी माती व सिमेंट ढवळतात. स्तंभाची जाडी पात्यांएवढीच येते. १९७० च्या सुमारास जपानात विकसित झालेल्या दुसऱ्या रीतीत बारीक छिद्रातून, वातावरणाच्या सुमारे ४०० पट दाबाने, सिमेंटचा पातळ घोळ सोडतात. नळी फिरवीत हळूहळू वर ओढली की झोत माती कापून तीत मिसळतो. येथे जाडी मातीच ठरविते: वाळूत झोत दूर पोचतो, घट्ट चिकणमातीत लवकर मंदावतो.

समजा, १०० सेंटिमीटर व्यासाचे स्तंभ ८० सेंटिमीटर अंतरावर योजिले. म्हणजे शेजारचे स्तंभ २० सेंटिमीटर एकमेकांत शिरावेत. प्रत्यक्षात व्यास ७० सेंटिमीटरच भरला, तर १० सेंटिमीटरची फट राहते व तीतून पाणी आणि माती खड्ड्यात शिरते. म्हणून आधी चाचणीचे स्तंभ करून ते उकरून मोजतात. काम चालू असता नळीभोवतीने वर येणाऱ्या गाळावर लक्ष ठेवतात. तो थांबला, तर आत दाब साठून जमीन फुगते. तेव्हा झोत तत्काळ बंद करून गाळाची वाट मोकळी करावी लागते.