इंजेक्शनने उंची अडत नाही, वाढतही नाही

मुलगा दहावीत आला, पण आवाज अजून कोवळा आहे, मिसरूड फुटलेलं नाही आणि वर्गातली मुलं त्याच्या डोक्यावरून बोलतात. तुम्ही त्याला डॉक्टरांकडे नेता. तपासण्या होतात आणि डॉक्टर म्हणतात, "टेस्टोस्टेरॉनची चार-सहा इंजेक्शनं देऊन बघू." त्या रात्री आईला झोप लागत नाही, कारण हार्मोन दिलं की उंची तिथेच थांबते असं तिने कुठेतरी ऐकलेलं असतं. वडिलांना मात्र वाटतं, चला, आता पोरगा माझ्यापेक्षा उंच होईल. मला तुम्हा दोघांशी बोलायचंय, कारण या इंजेक्शनला आईने इतकं घाबरू नये आणि वडिलांनीही त्याच्याकडून इतकी अपेक्षा ठेवू नये.

एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. त्याला ओंकार म्हणू. वय १४ वर्षं ९ महिने, उंची १४८ सेंटिमीटर. गेल्या वर्षभरात तो जेमतेम ४ सेंटिमीटर वाढलाय. वडील १६८, आई १५४. वडिलांना विचारलं तर ते सांगतात, "मीही बारावीनंतरच वाढलो, दाढी तर कॉलेजात आली." हे वाक्य फार मोलाचं असतं, म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या मोठ्यांना विचारून जा. आईची पाळी उशिरा सुरू झाली होती का, मामा-काका उशिरा वाढले का, हेही सांगा.

डॉक्टर दोन गोष्टी बघतात. एक म्हणजे वृषणांचा आकार. त्यासाठी लहान ते मोठ्या अशा अंडाकृती मण्यांची माळ असते. प्रत्येक मण्यावर मिलिलिटरचा आकडा असतो, आणि मुलाचं वृषण कुठल्या मण्याएवढं आहे ते हाताने जोखतात. ४ मिलिलिटरपर्यंत पोचलं की मुलगा वयात येऊ लागला असं धरतात. चौदा पूर्ण झाले तरी तिथवर पोचला नसेल, तर उशीर झालाय. ओंकारचं माप ३ आहे. दुसरी गोष्ट, डाव्या हाताचा पंजा आणि मनगट यांचा एक्स-रे. त्यात हाडांच्या टोकांशी मोकळ्या फटी दिसतात. तिथे कूर्चा असते आणि हाड तिथूनच लांब होतं. त्या फटींवरून आणि मनगटातल्या लहान हाडांवरून हाडांचं वय काढतात. ओंकारच्या हाडांचं वय १२ निघतं. म्हणजे त्याची १४८ सेंटिमीटर उंची बारा वर्षांच्या मुलाला शोभेल अशीच आहे. तो खुजा नाही, त्याची वाढ मागे चाललीय. थायरॉइड, रक्तक्षय, आतड्यांचा आजार, कुपोषण यांतलं काही नसेल, तर अशा मुलाला काहीही न देता वाट पाहिली तरी तो वयात येतो.

मग इंजेक्शन कशासाठी? मुलासाठी. कबड्डीच्या संघात त्याला कोणी घेत नाही, पोहायला जायला तो टाळाटाळ करतो, अकरावीला वसतिगृहात राहायचं म्हटलं की गप्प होतो. तो स्वतः किती अस्वस्थ आहे, यावर निर्णय असावा. तो मजेत असेल तर केवळ शेजाऱ्यांच्या मुलाकडे बघून इंजेक्शन देऊ नका.

ओंकारला महिन्यातून एकदा ५० मिलिग्रॅम, असं सहा महिने द्यायचं ठरतं. पहिल्या सहा महिन्यांत तो साडेचार सेंटिमीटर वाढतो, म्हणजे आधी वर्षभरात वाढला त्याहून जास्त. खांदे भरतात, आवाज फुटू लागतो, चेहऱ्यावर मुरुमं येतात, थोडी चिडचिडही होते. इंजेक्शनं थांबतात, पण वाढ थांबत नाही. पुढच्या सहा महिन्यांत तो १५६ च्या आसपास पोचतो. तेव्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडांचं वय सव्वातेरा येतं. नीट बघा, उंची ८ सेंटिमीटरने वाढली, पण हाडांचं वयही सव्वा वर्षाने पुढे गेलं. वाढ आणि फटींचं पिकणं हातात हात घालून चाललं. शेवटी ओंकार १६७ च्या जवळपास थांबेल. इंजेक्शन न घेता तो तिथेच, फक्त थोडा उशिरा, पोचला असता. पगारातून उचल घेतली म्हणून पगार वाढत नाही आणि कमीही होत नाही, तसंच हे आहे.

याचं कारण टेस्टोस्टेरॉनच्या स्वभावातच आहे. शरीरात त्याच्यातला काही भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. हो, मुलांच्या शरीरातही. इस्ट्रोजेनमुळे वाढीचं हार्मोन जास्त सुटतं आणि मुलगा उंच होतो. तेच इस्ट्रोजेन कूर्चेला पिकवत नेतं आणि शेवटी फट बुजवतं. मात्रा लहान आणि थोडे महिने असेल तर दोन्ही कामं बरोबरीने होतात. मात्रा मोठी झाली किंवा देखरेखीविना वर्षानुवर्षं चालली, तर पिकणं पुढे धावतं आणि उंचीचं खरंच नुकसान होतं. आईची भीती इथे खरी आहे.

म्हणूनच एक बारीक गोष्ट सांगतो. बाजारात मिळणाऱ्या काही ॲम्पूलमध्ये १ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम औषध असतं, ते मोठ्या माणसांसाठी. तुमच्या मुलाला ५० हवंय, म्हणजे फक्त ०.२ मिलिलिटर. बाकीचं फेकून द्यायचं. औषध तेलात असतं, घट्ट असतं, एवढंसं मोजायला १ मिलिलिटरची सिरिंज लागते. गल्लीतल्या दवाखान्यात "एवढं महाग औषध कशाला वाया घालवायचं" म्हणून अख्खं ॲम्पूल टोचलं, तर मुलाला पाचपट मात्रा गेली. चिठ्ठीवर मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्ही लिहून घ्या, आणि सिरिंज भरताना स्वतः बघा. काही ॲम्पूलमधलं तेल शेंगदाण्याचं असतं. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

हाडांचं वय दहाच्या आत असेल, तर बहुतेक डॉक्टर थांबायला सांगतात. आणि मुलगा वेळेत वयात येत असेल, फक्त बुटका असेल, तर हे इंजेक्शन त्याच्यासाठी नाहीच.

आता वडिलांसाठी. एक्स-रेवरून काढलेला अंतिम उंचीचा अंदाज अशा उशिरा वाढणाऱ्या मुलांमध्ये बऱ्याचदा जरा जास्त येतो. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज, त्यात १३ मिळवून निम्मं केलं, तर ओंकारसाठी १६७.५ सेंटिमीटर येतं. काही मुलं, इंजेक्शन घेतलेलं असो वा नसो, त्यापेक्षाही थोडी कमी राहतात. आकडा मुलासमोर वचनासारखा सांगू नका.

इंजेक्शनं संपल्यावर खरी परीक्षा असते ती वृषणांची. बाहेरून दिलेलं टेस्टोस्टेरॉन आवाज आणि केस बदलतं, पण वृषणं वाढवत नाही. ती मेंदूतल्या ग्रंथीच्या हुकुमानेच वाढतात. म्हणून शेवटच्या इंजेक्शननंतर तीन ते सहा महिन्यांनी मण्यांची माळ पुन्हा हातात घ्यायची. ओंकारचं माप ३ वरून ८ वर गेलं, म्हणजे त्याचं शरीर आता स्वतः चालतंय, पुढे काही द्यायची गरज नाही. माप हललंच नाही, तर डॉक्टर दुसरा कोर्स देऊ शकतात. पण त्यानंतरही ते ४ च्या आतच राहिलं, तर हा निव्वळ उशीर नाही, अशी शंका घ्यावी लागते. ग्रंथीचा हुकूमच सुटत नसेल. अशा काही मुलांना जन्मापासून वास येत नाही. फोडणीचा, उदबत्तीचा, करपलेल्या दुधाचा वास मुलाला येतो का, हे एकदा घरी विचारून बघा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा. वारंवार डोकं दुखणं, कडेचं न दिसणं किंवा लहानपणी वृषण खाली न उतरलेलं असणं, यातलं काही असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच जा.